चार घरे, पाच अक्षरे

त्या रविवारी सकाळी दहा वाजता मी चंद्रपूरच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत कोडे तपासायला बसले, तेव्हा सरांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. तो आमचा नियमच होता. ज्याने शब्दकोडे रचले त्याने तपासणीच्या वेळी बोलायचे नाही, मान हलवायची नाही, बोटाने काही दाखवायचे नाही. सरांना हातवारे केल्याशिवाय राहवत नसे, म्हणून ते हातांवर बसत.

समोर संपादक होते. आमच्या साप्ताहिकाचे संपादकपद त्यांच्याकडे वडिलांकडून आले होते. वडिलांना गूढ शब्दकोड्याचा नाद होता, मुलाला नव्हता. त्यांनी मोबाइलवर एक तासाचा गजर लावला आणि मोबाइल टेबलाच्या मधोमध ठेवला. मी आदल्या आठवड्यात त्यांना फोनवर विचारले होते की नेमके काय ठरले आहे. त्यांनी सरळ सांगितले होते. ऑगस्टमधल्या एका कोड्यात चूक छापली गेली, वाचकांच्या तक्रारी आल्या. दिवाळी पुरवणीच्या कोड्यात एक जरी सूत्र चुकीचे निघाले, तर सदर बंद. पुण्याहून तयार कोडी मिळतात, तीच छापू.

ते सदर सर बावीस वर्षे चालवत होते.

ज्यांनी गूढ शब्दकोडे कधी सोडवले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. साध्या कोड्यात 'जळण, चार अक्षरे' एवढेच लिहिलेले असते. गूढ कोड्यात प्रत्येक सूत्राचे दोन भाग असतात. एका टोकाला उत्तराचा अर्थ असतो, आणि उरलेल्या शब्दांत ते उत्तर कसे बनवायचे याची कृती लपवलेली असते. अर्थ कुठे संपतो आणि कृती कुठे सुरू होते, ते ओळखणे हेच सगळे काम. कृतीचा एक लोकप्रिय प्रकार म्हणजे अक्षरांची अदलाबदल. आमच्या कोडी सोडवणाऱ्यांच्या मंडळात त्याला घुसळण म्हणत. सूत्रात 'विस्कटला', 'ढवळला', 'बिथरला' असा शब्द दिसला की शेजारच्या शब्दाची अक्षरे घुसळायची. काना-मात्रा अक्षराला चिकटलेलीच राहते. व वेगळा, वा वेगळा.

मी आठवीत असताना सरांनी फळ्यावर पहिले सूत्र लिहिले होते. चामोर्शीजवळच्या आमच्या शाळेत ते मराठी शिकवायचे, आणि शनिवारच्या शेवटच्या तासाला धडा बंद करून कोडे घालायचे. सूत्र असे होते: रस ढवळला, परंतु जळण (४).

सगळा वर्ग घुसळायला लागला. र, स, प, रं, तु. कोणी 'परंतुरस' म्हणाले, कोणी 'रसतुरंप' म्हणाले, आणि हसण्यात दहा मिनिटे गेली. सरांनी घुसळण्यासाठी चिंचोके दिले होते. एकेका चिंचोक्यावर शाईने एकेक अक्षर. पाच चिंचोके मांडून आम्ही ते सरकवत बसलो. सर खिडकीशी उभे राहून धानाच्या बांध्यांकडे बघत होते. मग त्यांनी मागे न वळता विचारले, "घरं किती?"

चार, आम्ही म्हणालो.

"आणि अक्षरं?"

पाच. मग मला कळले. पाच अक्षरे चार घरांत मावत नाहीत, म्हणजे सगळी घुसळायचीच नाहीत. ढवळला आहे तो फक्त रस. त्याचे झाले सर. परंतु म्हणजे पण. सरपण. रोज सकाळी आई डोक्यावर घेऊन यायची ते.

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले की मला डोके आहे. आमच्या घरात माझ्या आधी कोणी दहावीच्या पुढे गेले नव्हते. माझ्या वडिलांना सही यायची, तीही हळू. मला बारावीनंतर गडचिरोलीच्या कॉलेजात पाठवावे म्हणून सर तीन वेळा घरी येऊन त्यांच्याशी बोलले. आज मी बल्लारपूरला ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. हे सगळे मी इथे आभार मानायला लिहीत नाही, जरी आभार आहेतच. त्या खोलीत मी कुणासमोर बसले होते ते कळावे म्हणून लिहिते.

सरांचे ते शनिवारचे सूत्र अर्ध्या घुसळणीचे होते. पूर्ण घुसळण सोपी असते. 'वारा, नट सैरभैर. जंगलातली पायवाट (४)'. वा, रा, न, ट, चार अक्षरे, चार घरे, रानवाट. अर्धी घुसळण अवघड, कारण कोणते अक्षर घुसळायचे आणि कोणते जागेवर ठेवायचे ते सूत्र उघड सांगत नाही. सरांनी आम्हाला एकच नियम दिला होता, आधी मोज. अक्षरे घरांपेक्षा जास्त भरली तर अर्धी घुसळण समज. मी हा नियम वीस वर्षे पाळत आले होते.

ऑगस्टची चूक घुसळणीचीच होती. उत्तरात वा हवा होता आणि सूत्रातल्या शब्दात व होता. इतक्या वर्षांत सरांकडून असे कधी झाले नव्हते. त्या महिन्यात मी वरोऱ्याला बहिणीकडे होते आणि तपासणी न होताच कोडे छापले गेले. सरांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन उन्हाळ्यात झाले होते. ते म्हणत की दिसते चांगले. पण हल्ली ते एकच गोष्ट दोनदा सांगत, आणि दुसऱ्यांदा सांगताना त्यांना पहिली वेळ आठवत नसे. हे मी कुणाला सांगितले नव्हते.

"सुरू करा," संपादक म्हणाले.

एकूण तीस सूत्रे होती. पहिली वीस मी पंधरा मिनिटांत भरली. सरांची पद्धत मला पाठ आहे. तरस आला की ते त्याला बिथरवणार, हे मला माहीत असते. 'करमणुकीच्या सुरुवातीला बिथरला तरस, अंगमेहनत (४)'. करमणुकीची सुरुवात म्हणजे क, तरस बिथरून सरत, कसरत. मी लिहीत गेले आणि प्रत्येक उत्तरानंतर सरांचा श्वास थोडा मोकळा होताना ऐकत गेले. नऊ उभ्याला अर्थ होता 'घराबाहेरचे दिवस', तिसऱ्या घरात आडव्या शब्दाचा वा आधीच बसला होता. वनवास. लिहून टाकले.

चाळीस मिनिटे झाली तेव्हा एकच सूत्र उरले होते. सतरा आडवे.

भाजीमागे नवा कोलमडला; सुताराची आवड (४).

शेवटच्या घरात न आला होता. बाकी तीन घरे मोकळी होती, कारण त्यांवरून उभा शब्द जात नव्हता.

मी आधी मोजले. भा, जी, न, वा. चार. घरेही चार. कोलमडला म्हणजे घुसळण. नियमाप्रमाणे पूर्ण घुसळण. न शेवटी ठेवला आणि उरलेली तीन फिरवली. भाजीवान. भावाजीन. जीभावान. जीवाभान. वाभाजीन. वाजीभान. सहाच शक्यता होत्या, त्या मी कच्च्या कागदावर लिहून काढल्या. एकही शब्द नव्हता.

पुन्हा लिहिल्या. तरी त्याच सहा.

संपादकांनी मोबाइल थोडा स्वतःकडे फिरवून वेळ बघितली आणि परत ठेवला.

भाजीवान या शब्दावर माझी नजर थांबली. गाडीवान असतो. सरांच्या डोक्यात गाडीवान तर नव्हता? गाडी लिहायचे आणि भाजी लिहिले गेले, असे तर झाले नाही? पण मग सुताराची आवड कशाला? गाडीवानाचा सुताराशी काय संबंध? की सरांना बैलगाडी बनवणारा म्हणायचे होते? मी एकेक तर्क करत होते आणि प्रत्येक तर्काच्या शेवटी एकच गोष्ट येत होती. सरांना आता जमत नाही. ऑगस्टची चूक नजरचूक नव्हती.

मी वर बघितले. ते माझ्याकडे बघत नव्हते, नियमाप्रमाणे टेबलाकडे बघत होते. पण त्यांच्या कपाळाची शीर दिसत होती. त्यांना कळले होते की मी सतराव्यावर अडकले आहे. ते सूत्र त्यांना आवडते होते की चुकले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता येत नव्हते. आणि ओळखू नये हाच तर नियम होता.

पन्नास मिनिटे झाली. माझ्यासमोर दोन रस्ते होते. पेन खाली ठेवून सूत्र चुकीचे आहे असे म्हणणे, किंवा काहीतरी लिहून देणे. संपादकांना कोड्यातले काही कळत नाही. मी 'गाडीवान' लिहून ठामपणे समजावले असते तर त्यांनी मान्य केले असते. हा विचार मला आला, हे मी इथे लिहिते आहे. तो काही क्षण टिकलाही.

मग मी सूत्र शब्द शब्द करून वाचायला घेतले. हेही सरांनीच शिकवलेले, पण मोजण्याचा नियम इतका सोयीचा होता की ही सवय मागे पडली होती. चांगल्या सूत्रात एकही शब्द रिकामा बसलेला नसतो. प्रत्येकाला काम असते. भाजी, मागे, नवा, कोलमडला, सुताराची आवड. घुसळणीचे काम 'कोलमडला' करतो. अर्थाचे काम 'सुताराची आवड' करते. मग 'मागे' काय करतो?

चारही अक्षरे एकत्र घुसळायची असतील तर पुढे-मागे काही उरतच नाही. ताक घुसळताना कोणता थेंब मागे आणि कोणता पुढे? 'मागे' या शब्दाला काम आहे, याचा अर्थ दोन तुकडे वेगळे आहेत. एक पुढे, एक मागे. कोलमडला फक्त नवा. नवाचे झाले वान. आणि पुढे भाजी, पण भाजीची अक्षरे नव्हेत. भाजी म्हणजे साग, चंद्रपूरच्या बाजारात पालकाच्या गड्डीला म्हणतात ते.

सागवान.

चार अक्षरे आणि चार घरे जुळणे हा सरांनी लावलेला सापळा होता. आधी मोज म्हणणाऱ्यालाच अडकवणारा सापळा. आमच्यासारखे जुने तपासणारेच त्यात पडणार होते. नव्या माणसाने कदाचित मोजलेच नसते.

मी उत्तर लिहिले. सर हळूच पाठीमागे टेकले. अजूनही बोलले नाहीत. मी खाली मान घातली, कारण दहा मिनिटांपूर्वी मी त्यांच्याबद्दल काय विचार करत होते ते माझ्या चेहऱ्यावर दिसू नये असे मला वाटले.

पण तपासणी इथे संपत नाही. उत्तर भरले की उकल सांगावी लागते. कोणतीही पाच सूत्रे निवडून विचारली जातात, आणि प्रत्येक अक्षर कुठून आले ते सांगायचे. अर्थावरून अंदाजाने उत्तर सापडले तरी कृती बरोबर आहे की नाही, हे त्यातूनच कळते. संपादकांनी सतरा आडवे विचारले, मी सांगितले. त्यांना ते आवडले असावे, कारण ते स्वतःशीच 'साग, वान' असे म्हणाले. मग त्यांनी कागदावर बोट फिरवून नऊ उभ्यावर ठेवले.

मी सूत्र मोठ्याने वाचले. नवस बिघडला, आत वारा शिरला. घराबाहेरचे दिवस (४).

"अर्थ घराबाहेरचे दिवस. उत्तर वनवास," मी सुरुवात केली. "नवस बिघडला, म्हणजे नवसाची तीन अक्षरं घुसळायची. व, न, स. आणि त्यात शिरला..."

मी थांबले.

शिरला वारा. वा आणि रा. तीन आणि दोन पाच. घरे चार. वनवासात रा नाहीच. शिरायला हवा होता फक्त वा. सूत्रात कुठेतरी अर्धा, किंवा तुटका, किंवा शेपूट नसलेला, असा एखादा शब्द हवा होता. तो नव्हता. उत्तर मला अर्थावरून आणि आधी भरलेल्या अक्षरावरून इतके चटकन सापडले होते की मी मोजलेच नव्हते. जिथे मोजायचे नव्हते तिथे दहा मिनिटे मोजले आणि जिथे मोजायचे होते तिथे पुढे गेले.

"शिरला काय?" संपादकांनी विचारले.

त्यांना माहीत नव्हते. सरांनाही कळले नव्हते, ते माझ्याकडे शांतपणे बघत होते, उकल पूर्ण होण्याची वाट बघत. मी 'त्यात शिरला वा' एवढे म्हटले असते तर कोणी हटकले नसते. कोडे छापले गेले असते. आणि छापल्यावर चंद्रपूर-गडचिरोलीतल्या कुठल्यातरी घरात कुणीतरी बोटावर अक्षरे मोजली असती.

मी सरांकडे बघून म्हणाले, "सर, यात रा जास्तीचा आहे."

त्यांनी हात मांड्यांखालून काढले. कागद ओढून डोळ्यांजवळ नेला. मग पिशवीतून स्वतःची वही काढली, जिच्यात ते आधी कच्चे सूत्र लिहितात. मला आशा होती की वहीत बरोबर असेल आणि फक्त नक्कल करताना शब्द सुटला असेल. ते बराच वेळ वहीत बघत राहिले.

"इथंही नाही," ते म्हणाले. "माझ्या डोक्यात अर्धा होता. कागदावर नव्हता."

संपादक म्हणाले की सर, अट मीच घातली होती आणि तुम्ही मान्य केली होती. मला वाईट वाटते. त्यांना खरेच वाईट वाटत होते, आणि त्यामुळे ते ऐकणे जास्त अवघड होते.

मी बोलायला लागले. माझा आवाज चढला असावा, कारण बाहेर वाचणाऱ्या एका माणसाने दारातून डोकावून बघितले. मी म्हणाले की तपासणी असते ती याचसाठी. चूक छापली गेली असती तर ती चूक, छापण्याआधी सापडली ते काम झाले. ऑगस्टला तपासणी झाली नव्हती, आज झाली.

"पण तुमच्याही नजरेतून ती एकदा सुटली ना," संपादक म्हणाले. "मी बोट ठेवलं म्हणून सापडली."

हे खरे होते.

सरच मधे बोलले. सूत्र दुरुस्त करता येईल, एक शब्द घालायचा आहे, असे ते म्हणाले, आणि लगेच स्वतःच पुढे म्हणाले की पण दुरुस्त केलेले सूत्र पुन्हा कोऱ्या माणसाकडून सोडवून घ्यावे लागते, आणि या खोलीत आता कोणी कोरे नाही. तो नियम त्यांनीच केला होता. मला त्या क्षणी त्यांचा राग आला. सदर हातातून जात असताना माणूस नियम सांगत बसला होता.

संपादकांनी घड्याळ बघितले. पान बाराला लावायला द्यायचे होते. अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती. म्हणाले, "बाहेर कोणी आहे का सोडवणारं?"

बाहेर वाचनालयाच्या बाई होत्या. पुस्तकांची देवघेव, वर्तमानपत्रे लावणे, झाडलोट, रविवारी आमच्या तपासणीला चहा, सगळे त्याच बघत. त्यांचे माहेर वैनगंगेकाठचे, मासेमारी करणाऱ्या घरातले. दर आठवड्याला आमचे साप्ताहिक आले की त्यांच्या टेबलावर ते अर्धा दिवस असायचे, हे मी पाहिले होते. कोडे सोडवतात असे वाटले नव्हते. संपादक त्यांना बोलवायला गेले आणि त्या हातात कपडा घेऊनच आल्या.

सरांनी एका चिठ्ठीवर फक्त नवे सूत्र लिहिले. नवस बिघडला, आत अर्धा वारा शिरला; घराबाहेरचे दिवस (४). आडवी-उभी मदत नाही, भरलेले अक्षर नाही. चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली आणि पुन्हा हातांवर बसले.

"हे सोडवू?" बाईंनी विचारले. "काऊन? सर तं हायेत ना इथी."

संपादकांनी सांगितले की दहा मिनिटे आहेत. त्या उभ्याउभ्याच वाचायला लागल्या. मग कपडा खांद्यावर टाकून बसल्या. त्या मोठ्याने विचार करत होत्या. न, व, स, तीन. वारा, दोन. पाच झाले. घरे चार.

"एक काढावं लागते," त्या म्हणाल्या. "अर्धा वारा हाये. म्हंजे वा, नाई तं रा."

मी सरांकडे बघितले नाही.

"रा ठेवला तं न, व, रा, स." त्यांनी बोटाने टेबलावर लिहिले आणि हसल्या. "नवरा दिसून राह्यला मले. घराबाहेरचे दिवस, म्हंजे नवराच. आमचा तं महिना महिना बाहीरच राह्यते."

संपादक हसले. सर हसले नाहीत. माझ्या मनात आले की नवरा हा शब्द त्या सूत्रात दडलेला आहे हे आम्हा दोघांनाही दिसले नव्हते, आणि बाई जर तिथेच अडल्या तर सगळे संपले.

"पण स उरते," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आन् नवरा तं घुसळलाच नाई, नवसातला नव तसाच राह्यला. बिघडला म्हंजे बिघडाले पाह्यजे." खिडकीबाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होते आणि ती सुरू होत नव्हती. "आता वा ठेवू. शिरला, म्हंजे कडेले नाई, मधात बसते. व, न. मधात वा. मंग स."

त्यांनी वर बघितले. "वनवास हाये हे."

संपादकांनी मोबाइल उचलला. सात मिनिटे झाली होती.

"बरोबर हाये ना, सर?"

सर हो म्हणाले. मग त्यांनी विचारले की तुम्ही आमचं कोडं कधीपासून सोडवता.

बाईंनी जरा थांबून सांगितले की सहा-सात वर्षे झाली. आणि मग, बहुधा सांगावे की नाही असा विचार करून, म्हणाल्या, "ऑगस्टात चिठ्ठी मीच टाकली होती पेटीत. व आन् वा एक नाई म्हून. नाव नाई टाकलं. सरायले वाईट वाटन म्हून."

सरांचे कान लाल झाले. त्यांनी बावीस वर्षे ज्या वाचकांसाठी कोडी रचली त्यांतली एक दर रविवारी त्यांना चहा आणून देत होती, आणि ते तिला चहा आवडला एवढेच सांगत आले होते.

"वाईट वाटलंच," सर म्हणाले. "पण चिठ्ठी खरी होती."

संपादक उठले. म्हणाले की अट मी मागे घेत नाही, बदलतो. यापुढे एकही कोडे दोन जणींच्या हातून सुटल्याशिवाय माझ्याकडे येणार नाही. एकीला अर्थावरून पटकन सुटले तर दुसरीने मोजायचे. कोण कुठले काम करणार ते तुमचे तुम्ही ठरवा. सरांना ते म्हणाले, चालेल का? सरांनी मान हलवली. आता हलवायला हरकत नव्हती.

"मले पगार नाई पाह्यजे त्याचा," बाई म्हणाल्या, "पण आधी सांगा, नाई तं हातात कपडा राह्यते माह्या."

संपादक अर्ध्या तासात परत येतो म्हणून बाहेर गेले. कोडे पुन्हा स्वच्छ लिहून द्यायचे होते. मी म्हणाले मी लिहिते, माझे लिहून लवकर होते. सर नको म्हणाले. त्यांनी नवा कागद घेतला, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. पहिल्या सूत्रापासून सुरुवात केली. प्रत्येक सूत्र ते आधी मोठ्याने वाचायचे, मग लिहायचे, मग लिहिलेले पुन्हा वाचायचे. मी समोर बसून मूळ कागदावर बोट सरकवत होते. बाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या आणि बोटांच्या पेरांवर मोजत होत्या.

सरांचा हात हळू चालत होता. मला घाई सुटली होती, पण मी काही म्हणाले नाही. नऊ उभ्याशी आल्यावर त्यांनी पेन उचलले. "नवस बिघडला," त्यांनी वाचले, आणि लिहिले. "आत अर्धा," त्यांनी वाचले, आणि लिहिले, आणि माझ्याकडे बघितले.

"हो," मी म्हणाले.

तेव्हा कुठे ते पुढच्या शब्दाकडे वळले.